`P3M` म्हणजे नक्की किती? ३० नोव्हेंबरला सुरू झालेली तिमाही कधी संपते?

प्रश्न: आमच्या सबस्क्रिप्शन सिस्टीमला भागीदार कंपनीकडून `2023-11-30/P3M` अशा स्वरूपात मुदत येते. बॅकएंडने (जावा) शेवट २९ फेब्रुवारी २०२४ काढला, जुन्या पीएचपी पोर्टलने १ मार्च, आणि अकाउंट्सच्या एक्सेलमध्ये ९० दिवस धरून २८ फेब्रुवारी आला. आयएसओ ८६०१ प्रमाणे यातलं बरोबर कोणतं? आणि हाच घोळ पुढच्या रिन्यूअलला पुन्हा होऊ नये म्हणून काय करू?

उत्तर:

२८ फेब्रुवारी चूक आहे, हे आधीच सांगून टाकतो. २९ फेब्रुवारी आणि १ मार्च यांतलं कोणतं घ्यायचं, याचा निकाल मात्र मानक देत नाही. ते काम मानकाने तुमच्यावर आणि तुमच्या भागीदारावर सोपवलंय. तुमच्या जागी मी असतो तर २९ फेब्रुवारी घेतला असता. का, ते खाली सांगतो.

`P3M` मध्ये `P` म्हणजे पुढे कालावधी येतोय याची खूण, `3M` म्हणजे तीन महिने. हे ९० दिवसांचं टोपणनाव नाही. ज्याला ९० दिवस म्हणायचंय त्याच्यासाठी `P90D` आहे, आणि तेही तितकंच वैध आहे. पाठवणाऱ्याने `M` लिहिलं असेल तर त्याला कॅलेंडरचे महिने अभिप्रेत आहेत. महिना किती दिवसांचा, हे सुरुवातीच्या तारखेशिवाय ठरतच नाही. मानकाच्या व्याख्येतसुद्धा महिना हा २८, २९, ३० किंवा ३१ दिवसांचा कालावधी आहे. काही व्यवहारांत महिना ३० दिवसांचा धरतात अशी नोंद मानकात आहे. पण ती सवलत दोन्ही पक्षांनी आधी ठरवून घ्यायची असते, एक्सेल उघडणाऱ्याने परस्पर घ्यायची नसते.

९० दिवस धरण्यात नुकसान कुणाचं होतं, हेही बघण्यासारखं आहे. एप्रिलच्या १५ तारखेपासून जुलैच्या १५ पर्यंत ९१ दिवस होतात, ऑगस्टच्या १५ पासून नोव्हेंबरच्या १५ पर्यंत ९२. महिनाअखेरच्या तारखा सोडल्या तर तीन महिने बरोबर ९० दिवसांचे होतात ते फक्त साध्या वर्षात संपणाऱ्या डिसेंबर-मार्च आणि जानेवारी-एप्रिल या मुदतींत, आणि लीप वर्षातल्या फेब्रुवारी-मे मध्ये. साध्या वर्षी फेब्रुवारीत सुरू झालेली तिमाही ८९ दिवसांतच संपते. बाकी वर्षभर अकाउंट्सची ती शीट ग्राहकाचा एक किंवा दोन दिवस कापत असणार, आणि एका दिवसासाठी तक्रार करायला सहसा कुणी येत नाही. म्हणून अशी चूक वर्षानुवर्षं टिकते.

आता २९ फेब्रुवारी की १ मार्च. मानकाचं म्हणणं साधारण असं आहे: महिना म्हणजे एका महिन्यातल्या ठरावीक तारखेपासून पुढच्या महिन्यातल्या त्याच तारखेपर्यंतचा काळ, ती तारीख अस्तित्वात असेल तर. नसेल, तर शेवटचा दिवस कोणता हे आपसात ठरवून घ्यावं लागतं. तुमच्या उदाहरणात ३० नोव्हेंबरपासून तीन महिने मोजले की येते ३० फेब्रुवारी. ही तारीख कोणत्याही वर्षात नाही. म्हणजे तुम्ही नेमके मानकाने मोकळ्या सोडलेल्या जागी येऊन उभे राहिलात, आणि ती जागा प्रत्येक लायब्ररीने आपापल्या परीने भरली आहे.

जावा मागे सरकते. तारीख त्या महिन्यात नसेल तर ती महिन्याचा शेवटचा दिवस घेते:

```java
LocalDate.parse("2023-11-30").plus(Period.parse("P3M"));
// 2024-02-29
```

पीएचपी पुढे ओघळते. ती महिना बदलून आधी ३० फेब्रुवारी मांडते, आणि २९ दिवसांत न मावलेला एक दिवस मार्चमध्ये ढकलते:

```php
$d = new DateTime('2023-11-30');
$d->add(new DateInterval('P3M'));
echo $d->format('Y-m-d');   // 2024-03-01
```

जावास्क्रिप्टचा जुना `Date` सुद्धा `setMonth` केल्यावर असाच पुढे ओघळतो. पोस्टग्रेस मात्र जावाच्या बाजूची, म्हणजे २९ फेब्रुवारी देणारी. दोन्हींपैकी कुणाच्याही कोडमध्ये बग नाही. दोघांचंही हे जाहीर, दस्तऐवजात नोंदलेलं वागणं आहे. म्हणून अशा वेळी बग-रिपोर्ट टाकून काही साधत नाही, नियम ठरवावा लागतो.

नियम ठरवताना मी कायद्याकडे बघतो, कारण मुदत संपली की नाही याचं भांडण शेवटी तिथेच जाऊन पोचतं. भारतात सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम १८९७ नुसार कायद्यातला महिना म्हणजे ब्रिटिश कॅलेंडरप्रमाणे मोजलेला महिना. त्यालाच धरून सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, लवाद कायद्याच्या कलम ३४ खालच्या एका प्रकरणात, तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हेत असं स्पष्ट म्हटलं. तुमच्या अकाउंट्सना दाखवायला हा चांगला दाखला आहे. मोजायचं कसं, याचा घोटीव नियम ब्रिटनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८१ साली डॉड्स विरुद्ध वॉकर या खटल्यात सांगितला. घरमालकाची नोटीस ३० सप्टेंबर १९७८ ची होती आणि भाडेकरूला अर्ज करायला चार महिने होते. त्याचा अर्ज पडला ३१ जानेवारी १९७९ ला. सप्टेंबरच्या अखेरपासून जानेवारीच्या अखेरपर्यंत असा त्याचा हिशेब होता. न्यायालयाने ३० ची ३० हीच तारीख धरली आणि अर्ज एका दिवसाने उशिरा ठरला. त्याच निकालात हेही आहे की शेवटच्या महिन्यात ती तारीखच नसेल तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस घ्यायचा.

म्हणजे हा नियम जावा आणि पोस्टग्रेस यांच्या वागण्याशी जुळतो. १ मार्चचा आणखी एक तोटा आहे: ओघळणारी पद्धत ३० नोव्हेंबर आणि १ डिसेंबर या दोन वेगळ्या सुरुवातींना एकच शेवट देते, आणि फेब्रुवारीत संपायला हवी ती मुदत मार्चच्या हिशेबात जाते. महिन्यावारी महसूल मांडणाऱ्यांना हे अजिबात परवडत नाही. म्हणून भागीदाराशी ‘तारीख नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस’ असं लेखी ठरवा, आणि पीएचपी पोर्टलमध्ये `add` च्या जागी तसं वागणारं छोटं फंक्शन घाला.

पण तुमचा खरा धोका पुढच्या रिन्यूअलला आहे, आणि तो मागे सरकणाऱ्या पद्धतीतही आहे. आधीचा शेवट घेऊन त्यात पुन्हा `P3M` मिळवत गेलात तर काय होतं बघा. ३० नोव्हेंबरवरून २९ फेब्रुवारी, त्यावरून २९ मे, २९ ऑगस्ट, २९ नोव्हेंबर. वर्ष फिरून आलं आणि ग्राहकाची तारीख ३० ची २९ झाली. पुढच्या फेब्रुवारीत, म्हणजे २०२५ मध्ये, ती २८ होईल आणि मग कायमची २८ च राहील. ३१ तारखेचा ग्राहक तर एकाच वर्षात तीन दिवस घसरू शकतो. फेब्रुवारीने एकदा कापलेली तारीख पुढच्या महिन्याला ठाऊकच नसते, कारण ती माहिती तुम्ही मध्ये टाकून दिलेली असते.

उपाय साधा आहे. मूळ सुरुवात जपून ठेवायची आणि प्रत्येक वेळी तिथूनच मोजायचं:

```java
Period p = Period.parse("P3M");
LocalDate due = start.plus(p.multipliedBy(n));   // n = 1, 2, 3 ...
```

आता २९ फेब्रुवारी, ३० मे, ३० ऑगस्ट, ३० नोव्हेंबर असं येतं. फेब्रुवारीत तारीख आत येते आणि मे मध्ये पुन्हा आपल्या जागेवर जाते. मानकात आवर्ती कालखंडासाठी `R4/2023-11-30/P3M` असं लेखन आहे, `R` नंतरचा आकडा आवर्तनांचा, आणि आकडा नसेल तर आवर्तनं अमर्याद. भागीदार हे पाठवत असेल तर उत्तमच, कारण त्यात मूळ तारीख आपोआप सोबत येते. दर वेळी नवा `2024-02-29/P3M` पाठवत असेल तर मूळ ३० तारीख तुमच्यापर्यंत पोचतच नाही. ती वेगळ्या फील्डमध्ये मागून घ्या.

आणि डेटाबेसमध्ये काय साठवायचं, तर सुरुवात आणि `P3M` ही दोन्ही. निव्वळ शेवटची तारीख साठवली की त्यामागचा करार गेला. निव्वळ दिवस साठवले तर आणखी वाईट.

उलटा हिशेब करायला जाल तिथेही पाय घसरतो. मानकात `P3M/2024-02-29` असं शेवटाकडून लिहिण्याची सोय आहे: कालावधी आधी, शेवट नंतर. पण २९ फेब्रुवारीतून तीन महिने वजा केले तर २९ नोव्हेंबर येतो, ३० नव्हे. म्हणजे तुम्ही पुढे गेलात त्याच वाटेने मागे येता येत नाही. दोन तारखांवरून कालावधी काढायला गेलात तर अजून गंमत:

```java
Period.between(LocalDate.parse("2023-11-30"),
               LocalDate.parse("2024-02-29"));
// P2M30D
```

तीन महिन्यांची योजना विकली, इन्व्हॉइसवर दोन महिने तीस दिवस छापले. जावाच्या दृष्टीने हे रास्त आहे, कारण २९ ही तारीख ३० पेक्षा लहान म्हणून तिसरा महिना तिच्या मते पुरा झालेला नाही. हे आकडे ग्राहकाला दाखवायचे नसतात. कालावधी दाखवायचा असेल तर जो आला तोच दाखवा, दोन तारखांवरून पुन्हा काढू नका.

`P1M15D` सारख्या मिश्र कालावधींत क्रमही महत्त्वाचा ठरतो. ३० मार्चमध्ये `P1M1D` मिळवा. आधी महिना, मग दिवस घेतला तर ३० एप्रिल आणि त्यावरून १ मे. आधी दिवस घेतला तर ३१ मार्च आणि त्यावरून ३० एप्रिल. एक्सएमएल स्कीमाच्या मानकाने आधी वर्षं-महिने, मग दिवस असा क्रम लिहून ठेवलाय, आणि जावाही तोच पाळते. तुम्हीही तोच पाळा. त्याच एक्सएमएल स्कीमामध्ये एक बारकावा मला फार आवडतो. `P1M` मोठा की `P30D`, याचं उत्तर तिथे ‘ठरवता येत नाही’ असं आहे. तुलना करायची झाली तर दोन्ही कालावधी चार नेमलेल्या तारखांत मिळवून बघतात (१६९६ चा सप्टेंबर, १६९७ चा फेब्रुवारी, १९०३ चे मार्च आणि जुलै), आणि चारही ठिकाणी निकाल एकच आला तरच तो मान्य. त्यामुळे `P1M` हा `P27D` पेक्षा नक्की मोठा आणि `P32D` पेक्षा नक्की लहान. मधल्या चारांबद्दल मौन.

पोस्टग्रेस इतकी प्रामाणिक नाही. तिथे हे चालवून बघा:

```sql
SELECT interval 'P1M' = interval 'P30D';   -- true
```

मिळवताना ती महिना नीट कॅलेंडरप्रमाणे मिळवते, पण दोन कालावधींची तुलना करताना महिना ३० दिवसांचा धरते. तुमच्या टेबलात `P3M` च्या आणि `P90D` च्या अशा दोन वेगळ्या योजना असतील आणि `interval` कॉलमवर युनिक इंडेक्स किंवा `GROUP BY` असेल, तर त्या दोन्ही एकच समजल्या जातील. योजनेचा कालावधी ओळखीसाठी वापरायचा असेल तर तो मजकूर म्हणून साठवा, हिशेबाच्या वेळी `interval` मध्ये बदला.

आता `T` बद्दल थोडक्यात. तारखेचे घटक `T` च्या आधी, वेळेचे नंतर. म्हणून `P3M` तीन महिने आणि `PT3M` तीन मिनिटं. एका अक्षराचा फरक आहे आणि दोन्ही वैध, त्यामुळे पार्सर गप्प राहतो. जावात ही चूक बऱ्यापैकी लवकर सापडते, कारण `Duration.parse("P3M")` थेट अपवाद फेकते. `Duration` ला महिना मुळी कळतच नाही. पीएचपी आणि पोस्टग्रेस दोन्ही रूपं आनंदाने घेतात. तिथे एक साधी तपासणी लावा: योजनेच्या कालावधीत `T` दिसला की नाकारा. तुमच्या धंद्यात मिनिटांची सबस्क्रिप्शन नसावी अशी आशा आहे. भागीदार कधी कॅलेंडरची फाइल, म्हणजे आयकॅलेंडर, पाठवू लागला तर तिथे `P3M` चालणार नाही हेही लक्षात असू द्या. त्या मानकाच्या कालावधीत वर्ष-महिने घेतलेलेच नाहीत, आठवडे आणि त्याखालचेच घटक आहेत. बहुधा याच महिनाअखेरच्या कटकटीमुळे.

शेवटाची तारीख मुदतीत धरायची की नाही, हाही प्रश्न तुमच्या ईमेलांमध्ये लवकरच निघेल. मानकाच्या व्याख्येप्रमाणे, वेगळं काही ठरवलेलं नसेल तर कालखंडाच्या दोन्ही टोकांचे क्षण कालखंडातच मोजतात. सॉफ्टवेअरमध्ये मात्र सुरुवात आत आणि शेवट बाहेर अशी रीत आहे, आणि सलग मुदतींना तीच सोयीची पडते. नाहीतर २९ फेब्रुवारी हा दिवस जुन्या मुदतीतही येतो आणि नव्याही. तसं धरलं तर तुमच्या ग्राहकाची सेवा २८ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीपर्यंत चालते आणि २९ ला नवी मुदत सुरू होते. स्क्रीनवर मग ‘२८ फेब्रुवारीपर्यंत वैध’ छापा, ‘रिन्यूअल २९ फेब्रुवारी’ वेगळं छापा. बघा, अकाउंट्सची २८ तारीख इथे पुन्हा डोकं वर काढते, पण या वेळी निराळ्या आणि रास्त कारणाने. त्या मीटिंगमध्ये लोक एकमेकांशी सहमत होताना दिसतील आणि दोघांच्या मनात २८ चा अर्थ वेगळा असेल. तेव्हा आधी विचारा की ही मुदतीतली शेवटची तारीख की मुदत संपल्यानंतरची पहिली.

भागीदार अमेरिकेतला किंवा युरोपातला असेल तर आणखी एक. भारतात घड्याळ पुढे-मागे होत नाही, म्हणून `P1D` आणि `PT24H` आपल्याला सारखेच वाटतात. न्यूयॉर्कमध्ये १० मार्च २०२४ ला घड्याळ एक तास पुढे गेलं. ९ मार्चच्या सकाळी नऊमध्ये `P1D` मिळवला तर दुसऱ्या दिवशीचे नऊच वाजतात. `PT24H` मिळवला तर दहा. `2024-03-09T09:00:00-05:00/P1D` मधल्या `-05:00` वरून तो फरक कळत नाही, कारण `-05:00` हा निव्वळ त्या क्षणाचा यूटीसीपासूनचा फरक आहे, न्यूयॉर्कचे नियम त्यात नाहीत. तुमच्या मुदती निव्वळ तारखांच्या असल्याने हे तूर्त तुम्हाला बाधणार नाही. वेळेसकट मुदती येऊ लागल्या तर `America/New_York` असं नाव वेगळं मागून घ्या.

टेस्टमध्ये १५ तारीख घालून काही सापडत नाही. ३० नोव्हेंबर, ३१ जानेवारी, ३१ ऑगस्ट आणि २९ फेब्रुवारी या चार सुरुवाती घ्या, `P1M` आणि `P3M` दोन्हींसाठी, आणि प्रत्येकीची निदान चार आवर्तनं तपासा. घसरण दुसऱ्या आवर्तनापासून पुढे दिसते, पहिल्यात नाही. ३१ ऑगस्टला `P3M` मिळवून ३० नोव्हेंबर आणि त्यापुढच्या आवर्तनात २८ किंवा २९ फेब्रुवारी आला, आणि तिसऱ्यात ३१ मे परत आला, तर तुमचं कोड मूळ तारखेवरून मोजतंय. ३१ च्या जागी २८ किंवा २९ मे दिसला तर ते आधीच्या शेवटावरून साखळी करतंय.

आणि आधीच बिघडलेल्या नोंदी शोधण्यासाठी, निव्वळ पहिल्या मुदतींवर, तीन महिन्यांच्या योजनांपुरतं, हे चालवा:

```sql
SELECT id, start_date, end_date,
       (start_date + interval 'P3M')::date AS expected
FROM subscriptions
WHERE end_date <> (start_date + interval 'P3M')::date;
```

टेबल आणि कॉलमची नावं तुमची घाला. आलेल्या ओळींत `end_date` महिन्याच्या १ किंवा २ तारखेला असेल आणि सुरुवात २९ ते ३१ मधली असेल, तर ती पीएचपी पोर्टलची देणगी. सुरुवात महिन्यात कुठेही आहे आणि फरक एक-दोन दिवसांचा आहे, तर ती नोंद ९० दिवसांवाल्या शीटमधून आली. दोन्ही गट वेगळे काढा, कारण पहिल्यात ग्राहकाला जास्त दिवस मिळालेत आणि दुसऱ्यात बहुतेकांचे कमी झालेत. दुसऱ्या गटाला दिवस परत द्यावे लागतील. पहिल्या गटाचे मी तरी परत मागायला जाणार नाही.